नातीच्या डोक्यावरची दोन टकलं

"अजी! इकडं या अगुदर! पोरीचं डोस्कं पाहा! उंदरानं कुरतडलं का काय वो!"

हा माझ्या बायकोचा आवाज. त्या आवाजानं कारध्याला नदीच्या काठावर मासे धरणाऱ्यांच्या हातातली जाळी गळून पडली, असं मी आजही सांगतो. कारधा आमच्या गावापासून चांगलं लांब आहे, हे मला ठाऊक आहे. पण तो आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांनी आजवर हरकत घेतलेली नाही.

मी अंगणात बसलो होतो. मांडीवर टोपी होती आणि टोपीत मांजरीचं पिल्लू झोपलं होतं. ते पिल्लू खाली ठेवलं, टोपी झटकून डोक्यावर घातली आणि आत पळालो. उंदीर म्हटल्यावर खरं तर पिल्लालाच आत न्यायला हवं होतं, पण घाईत ते सुचलं नाही.

आत माझी लेक खाली बसलेली, तिच्या पुढ्यात माझी चौदा महिन्यांची नात, आणि बायकोच्या हातात तेलाची वाटी. दुपारच्या झोपेतून उठलेल्या पोरीच्या डोक्याला तेल लावता लावता आजीला शोध लागला होता. डोक्याच्या मागच्या बाजूला, खाली टेकतं तिथं, केस विरळ होऊन टक्कल दिसत होतं. बायकोच्या मते भाकरीएवढं. माझ्या मते पेढ्याएवढं. आणि उजव्या कानाच्या वर आणखी एक, रुपयाएवढं. त्या दुसऱ्याकडे कुणी फारसं पाहिलंच नाही. मोठं टक्कल सापडल्यावर लहानाला कोण विचारतो?

लेकीच्या डोळ्यांत पाणी. आठ दिवसांनी तिला सिहोऱ्याला सासरी परत जायचं होतं, आणि तिथं पोरीचं जावळ ठरलं होतं. मामाच्या मांडीवर बसवून पहिले केस काढायचे, पंगत, पाहुणे, सगळं. "आई, सासूबाई का म्हणतील? माहेरी न्याले डोस्कंभर केसाची पोर देल्ली होती त्यायनं. आता मी का दाखवू?"

"मी सांगते ना कोणामुळं झालं," बायको म्हणाली आणि तिनं बोट दाखवलं.

बोट माझ्याकडे नव्हतं, एवढाच त्यातल्या त्यात दिलासा. बोट होतं गोधडीकडे. पण त्या गोधडीकडे बोट दाखवणं आणि माझ्याकडे दाखवणं यात फरक नव्हता, हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं.

त्या गोधडीचं सांगायलाच हवं. आमचं घर कोष्ट्याचं. आजोबा विणत, वडील विणत, मीही विणलं. कोशाचं कापड, रानातल्या रेशमाचं. माझ्या हातचं कापड एवढं पातळ असायचं की एकदा एका गिऱ्हाइकानं घडी उलगडली आणि कापड सापडेनाच, शेवटी वजनावरून शोधलं. तुम्हाला पटत नसेल तर सोडा. पण हळूहळू कापड घेणारे गेले, मग सूत देणारे गेले, आणि एक दिवस मागही मोडायचं ठरलं. नातीचा जन्म त्याच वर्षीचा. मी म्हटलं, मागावरचं शेवटचं कापड हिच्यासाठी. कोशाचा उरलासुरला जाडाभरडा धागा होता, तो आडव्यात घातला. उभ्या सुताला आमच्या पद्धतीनं तांदळाची खळ दिली, चांगली घट्ट. खळ दिल्याशिवाय सूत मागावर टिकत नाही. आणि विणून झाल्यावर मी सगळ्यांना बजावलं, याला पाणी लावायचं नाही. पहिल्या धुण्यात खळ जाते आणि खळीबरोबर कापडाचं तेज जातं. बायकोनं त्याची गोधडी शिवली तेव्हा तिची सुई दोनदा मोडली. त्याच वेळी मला कळायला हवं होतं.

"तुमच्या या पत्र्यावर पोर झोपवली ना आपण, त्याचंच हे," बायको म्हणाली.

"पत्रा? लोण्यासारखी गोधडी आहे!"

"लोण्यानं कोणाचे केस गेले आजपर्यंत?"

यावर मी नुसता आवाज वाढवला. घरात नेहमी हाच क्रम असतो.

एवढ्यात शेजारची काकू आली. तिला बोलवावं लागत नाही. तिनं डोकं पाहिलं, तोंडावर पदर घेतला आणि निकाल दिला, "चाई पडली बाई! कांदा घासा. कच्चा कांदा, लाल होईपर्यंत."

"कांदा लाल का डोस्कं?" मी विचारलं.

"तुम्ही चूप बसा भाऊ, बायांच्या कामात."

पोरगी मात्र खुशीत होती. तिला आपल्या डोक्यावर एवढी मंडळी जमलेली पाहून टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या. तिनं माझी टोपी ओढली आणि आपल्या डोक्यावर घातली. तो आमचा रोजचा खेळ. टोपी तिच्या नाकापर्यंत यायची, आतून ती "कुक" करायची आणि मी घाबरून पडायचो. त्या काळात मी दिवसातून वीस वेळा पडत होतो.

तोवर काकूनं कांदा आणलाही होता. लेकीनं तो काढून घेतला. ती शिकलेली आहे, आणि मुख्य म्हणजे तिला कांद्याचा वास सहन होत नाही. "डॉक्टरले दाखवू. भंडाऱ्याले चामडीच्या डॉक्टरीण बाई आहेत, उद्या जाऊ."

"डॉक्टर कायले पायजे? आज ही गोधडी फाडते, उद्यापासून केस येते," बायको म्हणाली.

मग मी पैज लावली. पस्तीस वर्षं माग चालवलेला माणूस, शेवटच्या कापडासाठी उभा राहिलो. म्हटलं, डॉक्टरीण बाई म्हणाल्या की हा रोग आहे आणि तो गोधडीनं दिला, तर तू कात्री घे आणि तिची पोतेरी कर. मी तोंडातून शब्द काढणार नाही. पण तसं नसेल तर या गोधडीला हात लावायचा नाही. बायको म्हणाली, "मंजूर." ती "मंजूर" म्हणते तेव्हा कात्री कुठं आहे हे तिला आधीच माहीत असतं.

त्या रात्री मला नातीच्या डोक्याची काळजी होती हे खरं, पण खोटं कशाला बोलू, गोधडीचीही होती. माग गेला होता. त्या जागी आता फ्रिज उभा होता आणि तोही माझ्याकडे बघून घुरघुरायचा. गोधडी तेवढी उरली होती.

सकाळच्या एसटीनं निघालो. मी पिशवीत गोधडी घेतली. आरोपीला कोर्टात हजर करायला नको का? बसमध्ये पोरगी लेकीच्या मांडीवर पेंगली आणि झोपायच्या आधी तिनं आपलं ते सुरू केलं, डोकं इकडं, डोकं तिकडं, आईच्या दंडावर घासत. बारीक एका ठेक्यात. मी बघत राहिलो. तो ठेका मला ओळखीचा होता.

ही लेकही लहानपणी अशीच झोपायची. माग आमच्या मधल्या खोलीत होता. आडवा धागा घेऊन धोटा इकडून तिकडं गेला की खट, फणी ठोकली की खटक. मागाशेजारी फाटक्या पटकुरावर ही पडलेली असायची आणि त्या आवाजाबरोबर डोकं हलवत झोपी जायची. मी थांबलो की ही जागी. पोर झोपावी म्हणून मी दुपारभर विणायचो, आणि लोक समजायचे काय कष्टाळू माणूस आहे! तिच्याही डोक्याला मागं असंच टक्कल होतं. माझी आई त्याला हसायची. कुणी डॉक्टरकडे नेलं नाही, आणि पोर बसायला, रांगायला, दिवसभर पळायला लागली तसे केस कधी भरले ते कळलंही नाही. पुढे तिची वेणी एवढी लांब झाली की विहिरीवर दोर विसरलो तरी चालायचं.

हे सगळं मी बसमध्ये बायकोला ऐकवलं. ती म्हणाली, "डॉक्टरपुढं बोला. मले नका सांगू."

डॉक्टरीण बाई वयानं आमच्या लेकीएवढ्याच. मी बसण्याआधीच गोधडी टेबलावर पसरली. त्यांनी गोधडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "पेशंट कोण आहे?"

लेकीनं पोरगी पुढं केली. बाईंनी आधी मागचं टक्कल पाहिलं. बोटानं केस बाजूला सारले, भिंग लावलं. "झोपताना डोकं घासते का?"

"हो, रोज. इकडून तिकडं," लेक म्हणाली आणि मान हलवून दाखवली.

"खाजवते? रडते इथं हात लावला की?"

"नाही."

"खाणं, खेळणं, चालणं?"

"चालते कुठं, पळते," बायको म्हणाली. "काल माझ्या ताटातली पोळी घेऊन पळाली."

"मग हे घासण्याचं आहे," बाई म्हणाल्या. "बघा, जिथं डोकं टेकतं, बरोबर तिथंच आहे. कडा कशी पुसट आहे, कुठं सुरू होतं ते सांगता येत नाही. कातडी स्वच्छ, लाल नाही, कोंडा नाही. आणि हे बारीक मऊ केस यायलाही लागलेत. तीन-चार महिन्यांच्या बाळांना तर हे सर्रास होतं. हिला झोपताना डोकं घासायची सवय आहे म्हणून अजून आहे. सवय सुटली की भरेल. औषध नको, तेल चोळणं नको, कांदा तर नकोच."

रोज एकाच रस्त्यानं माणसं गेली की गवत जसं नाहीसं होतं, तसं ते होतं. पायवाट पडली म्हणून शेताला रोग झाला असं कुणी म्हणत नाही.

मी बायकोकडे विजयानं पाहिलं. पण बाईंनी तेवढ्यात गोधडी हातात घेतली, आपल्या गालाला लावली आणि पटकन दूर केली. "बाप रे. हे काय आहे?"

"कोसा," मी म्हणालो. "हातमागाचा."

"सुरेख आहे. पण घासायचं काम या गोधडीनंच जास्त केलंय. मऊ जुन्या सुती कापडावर झोपवा."

"बोला!" बायको म्हणाली.

"पण रोग नाही!" मी म्हणालो. "पैज रोगाची होती!"

बाईंचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. त्यांनी पोरीचं डोकं वळवलं होतं आणि त्या उजव्या कानाच्या वर पाहत होत्या.

"हे कधीपासून?"

लेकीनं बायकोकडे पाहिलं, बायकोनं माझ्याकडे. आम्हाला वाटलं होतं, ते त्या मोठ्याचंच पिल्लू असेल.

"उजव्या कुशीवर झोपते का फार?"

"नाही. कधीच नाही," लेक म्हणाली.

बाईंनी भिंग तिच्या हातात दिलं. "तुम्हीच बघा. इथं फरक कळेल."

लेकीनं पाहिलं, मग मीही पाहिलं. मागच्यात आणि यात काहीही सारखं नव्हतं. हे गोल होतं, कडा काढल्यासारखी. वर करडा, पापुद्र्यासारखा कोंडा. आणि केस मुळातून गेलेले नव्हते, तुटले होते, सगळे एकाच उंचीवर. धान कापल्यावर शेताच्या बांधीत धसकटं उरतात ना, तसे. बाईंनी पोरीच्या कानामागे, मानेवर बोटं फिरवली, गाठी आहेत का ते पाहायला. एक बारीक गाठ हाताला लागली. तिथं दाबलं तशी पोरगी पहिल्यांदा कुरकुरली.

मग त्यांनी खिडकीचा पडदा ओढला, दिवा मालवला आणि हातात एक छोटा जांभळा दिवा घेतला. भरदुपारी खोलीत अंधार. आधी दिवा मागच्या टकलावर धरला. काही नाही. मग कानावर धरला.

हिरवं! माझ्या नातीच्या कानावर काजवा बसल्यासारखं हिरवं चमकलं. मी या जन्मात पुष्कळ गोष्टी पाहिल्या आहेत, निम्म्या तर मीच रचल्या आहेत. पण हे मी रचलेलं नाही.

"बुरशी आहे. डोक्यातला नायटा," बाई म्हणाल्या. "सगळ्या प्रकारांत असं चमकत नाही. असं चमकलं की बहुतेक मांजरा-कुत्र्याकडून आलेलं असतं. घरात मांजर आहे?"

"अंगणात एक पिल्लू येते," बायको अंधारातून म्हणाली. "पण पोरीले त्याच्याजवळ जाऊच देत नाही आमी. एकदाही हात लावू नाही देल्ला."

ते खरं होतं. पोरीनं पिल्लाला एकदाही हात लावला नव्हता. मी टोपी हळूच डोक्यावरून काढली आणि पाठीमागे धरली. अंधार होता, कुणाला दिसायचं कारण नव्हतं. पण नात खाली उतरली होती. तिला टोपी दिसली म्हणजे खेळ, एवढं तिला कळत होतं. ती मागून आली, टोपी ओढली, डोक्यावर घातली आणि त्या जांभळ्या दिव्याखाली जाऊन म्हणाली, "कुक!"

टोपीवर निळसर धागे चमकत होते, आणि त्यांच्यामध्ये तीन-चार बारीक केस. हिरवे.

"निळं ते कापडाचं सूत," बाई शांतपणे म्हणाल्या. "हिरवे ते मांजराचे केस. टोपी कुणाची?"

त्या अंधारात पहिल्यांदाच मला बायकोचा आवाज आला नाही. लेकीनं टोपी पोरीच्या डोक्यावरून काढली.

मी सांगून टाकलं. पिल्लू टोपीत झोपायचं, ते उठलं की टोपी मी झटकायचो. झटकायचो हो! आणि मग खेळ. एकदाही मनात आलं नाही. घासून घासून पडलेल्या टकलासाठी आम्ही गोधडीला बसमधून भंडाऱ्याला आणलं, आणि खरा गुन्हा मी डोक्यावर घालून आलो होतो.

"आता काय करायचं ते ऐका," बाईंनी दिवा लावला. मला त्यांचा फार आधार वाटला, कारण त्या पोरीबद्दल बोलत होत्या. त्यांनी कोंडा आणि तुटलेले केस खरवडून तपासणीसाठी घेतले. म्हणाल्या, नुसतं मलम लावून हे जात नाही, बुरशी केसाच्या आत शिरलेली असते, पोटातून औषध काही आठवडे द्यावं लागेल. दिसायला बरं झालं तरी मी सांगेपर्यंत बंद करायचं नाही. शाम्पू सगळ्या घरानं लावायचा. फणी, टॉवेल, उशी वेगळी. पिल्लाला जनावरांच्या डॉक्टरकडे न्या. आणि घरात सगळ्यांची डोकी दाखवा.

"तिच्या आबाचं आधी दाखवते," बायकोचा आवाज परत आला.

"आणि जावळ?" लेकीनं विचारलं. "आठ दिवसांवर आहे."

"आता वस्तरा नको. डोकं भादरल्यानं हे जात नाही, आणि वस्तऱ्यानं जखम झाली तर वाढेल. बरं होऊ द्या, मग करा."

निघताना लेकीनं त्यांना आणखी एकदा विचारलं, पुढच्या वेळी मला कसं कळावं? बाई म्हणाल्या, डोकं टेकतं तिथं, कातडी स्वच्छ असेल आणि पोर मजेत असेल, तर वाट पाहा. टेकत नाही तिथं केस गेले, गोल गेले, कोंडा, लाली, पू, गाठ दिसली, किंवा एका रात्रीत गुळगुळीत चकती पडली, भुवया गेल्या, पोर स्वतःच केस ओढायला लागली, तर वाट पाहू नका. लेकीनं ते मोबाइलमध्ये लिहून घेतलं. मग बाहेर ओसरीत उभं राहून तिनं सासूला फोन लावला. मी लांबून ऐकत होतो. ती काही लपवेल असं वाटलं होतं. तिनं सगळं सांगितलं, टोपीसकट. पलीकडून खूप वेळ हसण्याचा आवाज येत राहिला. पुढची कित्येक वर्षं सिहोऱ्याला गेलो की व्याही मला नवी टोपी देत आणि म्हणत, "ही फक्त तुमच्यासाठी."

पैजेचं काय झालं, ते राहिलंच. गोधडीनं टक्कल पाडलं होतं, पण तो रोग नव्हता. रोग होता, पण तो गोधडीनं दिला नव्हता. म्हणजे पैज मी जिंकलो. बायकोनं कात्री खाली ठेवली, पण टोपी चुलीत घातली, आणि बुरशीचं निमित्त करून गोधडी घरातल्या सगळ्यांत मोठ्या गंजात, पातेल्यात म्हणा, उकळली. खळ निघाली, तेज निघालं, पाण्याला कोशाचा तो ओला वास सुटला आणि एक क्षणभर मधल्या खोलीत माग परत आल्यासारखं वाटलं. मी बाहेर जाऊन बसलो. धूर लागला डोळ्यांना.

पोरगी औषधानं बरी झाली. कानावरचे केस आले. मागचे तर आम्ही पाहायचं विसरलो तेव्हा आले, अगदी तिच्या आईसारखे. पिल्लू बरं झालं, आणि पुढे असा आडदांड बोका झाला की गल्लीतली कुत्री त्याला विचारून रस्ता ओलांडत.

आता नात तिसरीत आहे. दोन वेण्या, लाल फिती. या उन्हाळ्यात आली तेव्हा मी पेटीतून गोधडी काढली. तिच्यापुढे पसरली आणि सगळी कथा सांगितली, माग, खळ, जांभळा दिवा, हिरवे केस, तिच्या आजीची कात्री. एकेक गोष्ट वाढवून सांगितली. शेवटी म्हटलं, बाई, तुझ्या आबाच्या मागावरचं हे शेवटचं कापड, तुझ्यासाठी विणलेलं. सगळी दुनिया म्हणाली टोचते, टोचते. तूच सांग, लोण्यासारखी आहे की नाही?

तिनं गोधडी उचलली, गालाला लावली, थोडा वेळ विचार केला.

"टोचते, आबा."